गुंडू आण्णांचा घरचा नाका

अमरेशने एम.ए. मराठी केलं, पहिल्या वर्गात केलं, आणि मग एका कॉलेजात तासाला पंच्याहत्तर रुपयांवर शिकवायला लागला. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत त्याला कुणी प्राध्यापक म्हणत नसे. गुंडू आण्णा त्याला ‘एम्मे’ म्हणत. कौतुकाने की टिंगलीने, हे त्याला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

आण्णांचं घर त्याच्या घराला लागून. मधली भिंत एकच. त्यामुळे आण्णांचा खोकला, बसम्मा काकूंची भांडी आणि दोघांची भांडणं अमरेशला फुकट ऐकायला मिळत.

गुंडू आण्णा म्हणजे गुंडाप्पा मगदूम. तेहतीस वर्षं जकात नाक्यावर कारकून. शहरात येणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताखालून गेलेली. कडबा, कांदे, काच, कौलं, केसाचं तेल. प्रत्येकाचा दर तोंडपाठ. नुसता नाही, पोटकलमासकट. एकदा एक माणूस सायकलला लाकडी घोडा बांधून आला. हे खेळणं की फर्निचर, यावर आण्णांनी त्याला पाऊण तास उभं केलं. शेवटी घोड्यावर मूल बसून झुलतं, म्हणजे खेळणं, असा निकाल दिला आणि कमी दर लावला. माणूस रडकुंडीला आला होता, पण आण्णा खूश होते. त्यांच्या मते जगात दोनच पापं. एक, जकात चुकवणं. दुसरं, माल भलत्या सदरात घालणं. आणि दुसरं जास्त मोठं.

मुलीच्या, विद्याश्रीच्या, लग्नाचे तांब्याचे हंडे बाहेरगावाहून आले तेव्हा आण्णा रजेवर होते. तरी नाक्यावर गेले, रांगेत उभे राहिले, आपल्याच हाताखालच्या माणसाकडून पावती फाडून घेतली. ती पावती लग्नाच्या अल्बमात पहिल्या पानावर आहे. नवरा-नवरी दुसऱ्या पानावर.

असा माणूस २००९ सालच्या मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता भिंतीवर मूठ आपटत होता.

“एम्मे! अरं एम्मे! झोपलास काय? ये हिकडं. आमचं पुण्याला जायचं ठरतंय!”

अमरेश लुंगी बदलून गेला.

पुण्याची भानगड जानेवारीपासून चालू होती. आण्णा न्हाणीघरात पाय घसरून पडले. मनगट मोडलं. विद्याश्री पुण्यात एका कंपनीत हिशेब विभागात होती. ती आली, आठ दिवस राहिली, आणि जाताना एक अट घालून गेली. तुमची पेन्शन नऊ हजार दोनशे. घर त्यात भागलं पाहिजे. पडलाझडलात तर लागेल तो पैसा साठवून ठेवायचा, रोजच्याला त्यातलं मोडायचं नाही. एप्रिलचा पूर्ण महिना बघू. भागलं तर राहा इथे. नाही भागलं तर जूनमध्ये घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं. रुसायचं नाही.

आण्णांनी मान्य केलं. तेहतीस वर्षं नियम पाळायला लावलेल्या माणसाला नियम नाकारता येईना.

अट घालून ती थांबली नाही. नवऱ्याचा जुना संगणक पाठवला. त्यात एक्सेलचा तक्ता करून दिला. दिनांक, तपशील, संदर्भ क्रमांक, वर्ग, रक्कम. बिलं ती पुण्यात बसून आण्णांच्या खात्यातूनच भरायची, इंटरनेटवरून. पैसे भरले की पडद्यावर जी पोच येते तिचा स्क्रीनशॉट काढायचा, मेलने पाठवायचा. आण्णांनी त्या पोचा बघून तक्ता भरायचा. रोखीचा खर्च काकूंच्या वहीतून घ्यायचा. रविवारी संध्याकाळी सहा वाजता ती फोन करणार होती. तोवर एप्रिलचा तक्ता तिच्या मेलवर पोचायला हवा होता.

आण्णांना माऊस धरता येत नव्हता. मनगट अजून दुखायचं. म्हणून अमरेशने गेल्या आठवड्यात, कौतुकाने, सगळं आधीच भरून ठेवलं होतं. काकूंनी त्याबद्दल त्याला दोन वेळा धपाटे खायला दिले होते.

“हे काय केलंस?” आण्णांनी पडद्याकडे बोट केलं.

संगणकाला हळदीकुंकू लागलेलं होतं. त्याच्या खाली बेरीज होती. पंधरा हजार सहाशे तीस.

“बेरीज आहे, आण्णा.”

“बेरीज बरोबर हाय?”

“दोनदा केली. मशीन करतं.”

“मशीन न्हाय करत. मशीन जोडतं. पंधरा हजार! आम्ही दोघं काय हत्ती पाळलाय?”

आतून काकू म्हणाल्या, “एक हाय की पाळलेला. सकाळधरनं ओरडतोय.”

बसम्मा काकू नेसरीकडच्या. बोलता बोलता कानडीत जायच्या आणि तिथून कधी परतल्या ते कळायचं नाही. पुण्याबद्दल त्यांचं मत काय, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

आण्णांनी चष्मा लावला. खुर्ची ओढली. आणि अमरेशला वाटलं, खुर्चीत बसता बसता हा माणूस बदलला. पाठ सरळ झाली. हनुवटी वर गेली. जणू समोरून ट्रक येतोय.

“तक्ता मिट. आधी ती चित्रं दाव. एकेक. घाई न्हाय.”

नऊ स्क्रीनशॉट होते. अमरेशने पहिला उघडला. वीज बिल, सहा एप्रिल, सहाशे चाळीस रुपये. व्यवहार यशस्वी.

“तू ह्याचा वर्ग काय लावलास?”

अमरेश जरा लाजला. “अनिवार्य.”

“आणि फोनचा?”

“जिव्हाळा.”

आण्णांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“म्हणजे तुमच्या मुलीशी बोलता ना त्यावर,” अमरेश म्हणाला. “मी विचार केला की...”

“विचार करायचा न्हाय. गाडीत काय हाय ते बघायचं. गाडीत वीज हाय. तर ‘वीज’ लिही. फोन हाय तर ‘फोन’. उद्या गाडीवाला म्हणंल, माझ्या पोत्यात जिव्हाळा हाय, तर कुठला दर लावू मी?”

आतून काकूंचं हसू ऐकू आलं.

“पण आण्णा, हे बिल मार्च महिन्याच्या विजेचं आहे. मग ते मार्चमध्ये...”

“गाडी नाक्यावर कधी आली?”

“सहा एप्रिलला.”

“मग एप्रिल. माल कुठल्या महिन्यात पिकला हे आम्ही इचारत न्हाय. आणि हेच दर महिन्याला करायचं. एकदा हे, एकदा ते, असं न्हाय.”

दुसरा स्क्रीनशॉट उघडला. पुन्हा वीज, पुन्हा सहाशे चाळीस.

“हे दुसऱ्या महिन्याचं असेल असं वाटलं मला,” अमरेश म्हणाला.

“वाटलं? नंबर वाच.”

अमरेशने दोन्हींवरचा संदर्भ क्रमांक वाचला. तेरा आकडे. तेराच्या तेरा सारखे. वेळही तीच, दहा वाजून बेचाळीस मिनिटं.

आण्णा खुर्चीत मागे रेलले. चेहऱ्यावर सुख पसरलं.

“एकाच पावतीवर दोन गाड्या! हे सत्याऐंशी साली एका लिंबूवाल्यानं केलतं माझ्यासंगट. फरक एवढाच, की त्यो पावती एकच दावून दोनदा आत यायचा. आमची पोरगी एकच गाडी दोनदा दाखवायलीय. चित्र दोनदा जपून ठेवलं गेलं असणार तिच्या हातनं. काट एक.”

सहाशे चाळीस कमी झाले. अमरेशला धक्का बसला. त्याने दोन वर्षं संशोधन पद्धती शिकली होती. पाठभेद तपासायला शिकला होता. तेरा आकडे त्याने पाहिलेसुद्धा नव्हते.

तिसरा फोनचा, आठशे बारा, इंटरनेटसकट. त्यात वाद झाला नाही. चौथ्यावर अमरेश थांबला.

“हे मोबाइलचं रिचार्ज. दोनशे बावीस. आणि हा पाचवा, तेही दोनशे बावीस. पण यांचे नंबर वेगळे आहेत. बघितलं मी आत्ता.”

“शाबास. वर काय लिहिलंय?”

पाचव्यावर यशस्वी होतं. चौथ्यावर लाल अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, व्यवहार अयशस्वी.

“म्हणजे गाडी नाक्यावरनं परत फिरली,” आण्णा म्हणाले.

“मग काढू ना?”

“थांब. गाडी परतली हे ड्रायव्हरच्या तोंडावर मानायचं न्हाय. लई गाड्या परत जातो म्हणून पुढच्या बोळातनं आत शिरत्यात. वही बघायची.”

वही म्हणजे बँकेचं पासबुक. काकूंनी ते शनिवारीच भरून आणलं होतं. आण्णांनी बोट टेकवून ओळी वाचल्या. अठरा तारखेला दोनशे बावीस गेले. वीस तारखेला दोनशे बावीस परत जमा. वीसलाच पुन्हा दोनशे बावीस गेले. विजेचे सहाशे चाळीस मात्र एकदाच.

“आता काट,” आण्णा म्हणाले. “आता माझ्याजवळ कागद हाय.”

सहावा स्क्रीनशॉट रेल्वेचा होता. कोल्हापूर ते पुणे, दोन माणसं, तीनशे बत्तीस. सातवाही रेल्वेचा, दोनशे बत्तीस. अमरेशने दोन्ही ‘प्रवास’मध्ये घातले होते. त्याच्या डोक्यात जाण्यायेण्याचं चित्र होतं. येताना स्वस्त पडलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

“आम्ही एप्रिलात पुण्याला गेलतो?” आण्णांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

अमरेशने नीट वाचलं. सातवा स्क्रीनशॉट परताव्याचा होता. तिकीट रद्द केलं होतं. दोनशे बत्तीस खात्यात परत आले होते. तो आलेला पैसा त्याने गेलेला म्हणून लावला होता.

“यप्पा,” काकू दारात येऊन म्हणाल्या. त्यांच्या हातात लाटणं होतं. “म्हंजे चोर बाहेर पळाला तर ह्यो त्याला आत आला म्हणून मोजतोय.”

“तीनशे बत्तीस आत, दोनशे बत्तीस परत,” आण्णा म्हणाले. “राहिले शंभर. ते आम्ही न जाण्याचं भाडं. लिही, प्रवास, शंभर. आणि तपशिलात ‘तिकीट रद्द’ लिही. न्हायतर सहा महिन्यांनी कुणीतरी इचारंल, शंभर रुपयात दोघं पुण्याला कसं गेलासा.”

“पण तुम्ही रद्द का केलं होतं?” अमरेशने विचारलं.

आण्णा छताकडे बघायला लागले. काकूंनी सांगितलं, “त्या दिवशी ह्यांच्या तालमीच्या पोरांची फुटबॉलची मॅच हुती.”

आठवा मोठा होता. दोन हजार रुपये. आण्णांच्या बचत खात्यातून आण्णांच्याच आवर्ती ठेवीत. अमरेशने तो ‘इतर’मध्ये टाकला होता.

आण्णा उठले. भिंतीवरच्या फडताळातून एक जुना पिवळा कागद काढला आणि अमरेशपुढे ठेवला. नाक्यावरचा कोरा फॉर्म होता.

“हे काय हाय? वाच.”

“रहदारी पास.”

“रत्नागिरीचा माल सोलापूरला चाललाय. वाट कोल्हापुरातनं. गाडी ह्या नाक्यानं आत आली, त्या नाक्यानं बाहेर गेली. गावानं त्यातलं काय खाल्लं?”

“काही नाही.”

“मग जकात?”

“नाही.”

“हे दोन हजार माझ्या ह्या खिशातनं त्या खिशात गेले. गावानं खाल्ले न्हाईत. रहदारी. खर्चात घालायचे न्हाईत, पण वहीत दिसले पायजेत. खाली वेगळी ओळ कर. पोरगीच म्हणते न्हवं, साठवून ठेवा. हे साठवलेलं.”

अमरेश त्या कागदाकडे बघत राहिला. अर्थशास्त्राचं एक पुस्तक त्याने बी.ए.ला घेतलं होतं. त्यात हे चार पानांत होतं आणि त्याला कळलं नव्हतं.

नववा स्क्रीनशॉट आरोग्य विम्याचा. तीन हजार सहाशे, एका वर्षाचा हप्ता. इथे आण्णांनी पहिल्यांदा हनुवटी खाजवली.

“ही गाडी खरी हाय,” ते म्हणाले. “आत आलीय. गावच खाणार हाय. पण एका महिन्यात न्हाय. बारा महिन्यांत.”

“भागिले बारा करू?” अमरेशने भीत भीत विचारलं.

“तीनशे. आणि पुढच्या अकरा महिन्यांच्या तक्त्यात आत्ताच तीनशे-तीनशे लिहून ठेव. न्हायतर ती लबाडी हुईल. आज सोडायचं आणि उद्या इसरायचं, हे नाक्यावर लई बघितलंय.”

“म्हंजे पुढच्या महिन्यात बी तीनशे धरायचे?” काकूंनी विचारलं.

“धरायचे.”

“खाल्ल्याबिगर?”

“आजारी पडल्याबिगर.”

नऊ स्क्रीनशॉट संपले. वीज सहाशे चाळीस, फोन आठशे बारा, मोबाइल दोनशे बावीस, प्रवास शंभर, विमा तीनशे. दोन हजार चौऱ्याहत्तर. काकूंच्या वहीतला रोखीचा खर्च, किराणा, दूध, भाजी, गॅस, औषधं, पेपर-केबल, कामाला येणाऱ्या तानाबाईंचा पगार आणि किरकोळ, मिळून सहा हजार नऊशे तीस. अमरेशने एकूण रकमेच्या चौकटीवर बाण नेला.

नऊ हजार चार.

“पेन्शनीच्या आत!” अमरेश ओरडला. “एकशे शहाण्णव रुपयांनी!”

त्याने स्वतःच टाळी वाजवली. साडेदहा वाजत होते. पंधरा हजार सहाशे तीसवरून हा माणूस नऊ हजार चारवर आला होता आणि एक रुपया लपवला नव्हता. अमरेशला वाटलं, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

काकू चहा टाकायला आत वळल्या. आण्णा मात्र हलले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले. मग खाली बघितलं. मग दाराकडे, काकू लांब गेल्यात का ते.

“एम्मे,” ते हळू म्हणाले. “एक गाडी राहिलीय.”

“कुठली? नऊच आले होते.”

“तिचं चित्र न्हाय.”

आण्णा रोज पहाटे फिरायला जात. डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी असंही सांगितलं होतं की म्हशीचं दूध बंद. आण्णांचं फिरणं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संपत असे. तिथे म्हैस समोर उभी असते, धार समोर काढतात, आणि फेसाळ ग्लास हातात देतात. सात रुपये. एप्रिलमध्ये तीस दिवस. आण्णा एकही दिवस चुकले नव्हते.

“दोनशे धा,” आण्णा म्हणाले.

अमरेशने मनातल्या मनात केलं. नऊ हजार चार अधिक दोनशे दहा.

“आण्णा, चौदा रुपये जास्त होतात.”

“म्हायती हाय.”

“मग लिहू नका की. कुणाला कळणार आहे? चौदा रुपयांसाठी तुम्ही पुण्याला जाणार?”

आण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की अमरेशला बावीस वर्षांपूर्वी नाक्यावर आलेले सगळे लिंबूवाले आठवले. तो तेव्हा तीन वर्षांचा होता, तरी आठवले.

“तेहतीस वर्षं,” आण्णा म्हणाले, “हेच ऐकलंय मी. चौदा रुपयांसाठी अडवता काय सायेब. कुणाला कळणार हाय सायेब. आता माझ्याच घरच्या नाक्यावर, माझीच गाडी...” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “लिही.”

“कुठल्या वर्गात?”

हा प्रश्न अमरेशने सहज विचारला, पण आण्णा अडकले. दूध म्हणून किराण्याशेजारी? पण घरचं दूध वेगळं. करमणूक? आरोग्य? ओठ हलवत ते सदरं चाचपडू लागले.

“औषधपाण्यात घाला,” काकू दारातून म्हणाल्या. चहाचे कप हातात होते. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. “आज जे पिताय, त्याचंच उद्या औषध घ्यायचं हाय.”

आण्णांचा चेहरा पोत्यात गांजा सापडलेल्या माणसासारखा झाला.

“तुला ठावं हुतं?”

“मिशीला फेस घेऊन येतासा. मी काय आंधळी?”

“मग बोलली न्हाईस ती?”

“बोलून तुम्ही ऐकणार, मग दिवसभर माझ्या डोक्यावर बसणार. त्यापरास पिऊन या म्हटलं.”

अमरेशने लिहिलं. वर्ग: दूध, बाहेरचं. दोनशे दहा. एकूण नऊ हजार दोनशे चौदा. विद्याश्रीने तक्त्यात कसलीशी सोय करून ठेवली होती. चौकट लाल झाली.

तिघंही त्या लाल चौकटीकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. आण्णांनी चहा घेतला नाही. खिडकीतून गल्ली बघितली. जूनमध्ये ही गल्ली दिसणार नव्हती. पुण्यात विद्याश्रीच्या अकराव्या मजल्यावरून काय थांबवायचं, कुणाला विचारायचं की पोत्यात काय हाय? अमरेशला त्यांच्या पाठीकडे बघवेना.

“ह्या तक्त्यात,” काकू अचानक म्हणाल्या, “आत येणारं कुठं लिहायचं?”

“काय येणारं?” अमरेशने विचारलं.

“पैसं. जाणारं सगळं लिवलासा. बाहेरचं दूध लिवलासा. येणारं?”

“पेन्शन नऊ हजार दोनशे. वर आहे की.”

काकूंनी आपला कप टेबलावर ठेवला. आत गेल्या. पिठाच्या डब्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून आणली. पिशवीत नोटा होत्या आणि शाळेची पाठकोरी वही.

“एप्रिलात चटणीचे तीन हजार शंभर सुटले. मिरची, खोबरं, लसूण, डंकावर कुटायची मजुरी, सगळं वजा जाता. वहीत हाय.”

चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात कोल्हापूरच्या घराघरात होते. अमरेशला आठवलं, दर एप्रिलला भिंतीपलीकडून ठसका यायचा आणि त्याच्या आईला शिंका. त्याला वाटायचं, दोन माणसं वर्षाला इतकं तिखट खातात कसं.

“किती वर्षं?” आण्णांनी विचारलं.

“अकरा.”

“आणि मला...”

“तुम्हाला वाटायचं, शेजारणींची करून देते. सांगितलं असतं तर चटणी मसाला की खाद्यपदार्थ, ह्यातच पाऊस आला असता.”

अमरेशला हसू आवरेना. पण आण्णा हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत जुना संशय जागा झाला होता.

“मिरची कुठली?”

काकू पिशवीची गाठ बांधू लागल्या.

“बसम्मा. मिरची कुठली?”

“नेसरीची. शिवाप्पा आणून देतो. चार पोती.”

शिवाप्पा म्हणजे काकूंचा भाऊ. त्याचा टेम्पो होता.

“कुठल्या नाक्यावरनं?”

“तुमच्याच.”

आण्णांनी खुर्चीचा हात धरला. मग सगळं बाहेर आलं. शिवाप्पाचा टेम्पो यायचा. मेव्हण्याची गाडी आपण तपासायची नाही, असा नियम आण्णांनी स्वतःच केला होता. पक्षपाताचा संशय नको म्हणून. ते उठून बाजूला जायचे आणि सहकाऱ्याला सांगायचे, तू बघ, कडक बघ. सहकारी शिवाप्पाला बघायचा. साहेबांचा मेव्हणा! तो पोत्याला हातसुद्धा लावायचा नाही. उलट चहा पाजायचा.

“आणि शिवाप्पा काय म्हणायचा?”

“म्हणायचा, दाजींच्या घरचं सामान. ते खोटं कुठं हाय?”

तेहतीस वर्षांत ज्याने लाकडी घोडा सोडला नाही, त्याच्या स्वयंपाकघरात दरसाल चार पोती चोरटा माल भाजला जात होता. त्यातली आठ वर्षं तो स्वतः नाक्यावर होता. अमरेशने आयुष्यात शोकांतिका म्हणून जे काही वाचलं होतं ते त्याला त्या क्षणी फार किरकोळ वाटलं.

“एक ओळ वाढव,” आण्णा म्हणाले. आवाज सपाट होता. “थकीत जकात. अकरा वर्षं, चार-चार पोती. दर मी सांगतो.”

“आण्णा, आकडा आणखी वाढेल...”

“लिही. आणि तिचे तीन हजार शंभर बी लिही, वरच्या अंगाला. दोन्ही बाजू.”

दुपारी दोन वाजता तक्ता गेला. थकीत जकातीसमोर एक हजार सातशे साठ रुपये होते आणि एप्रिलमध्ये भरलेली रक्कम शून्य, कारण अजून भरलीच नव्हती. एकूण खर्च नऊ हजार दोनशे चौदा, लाल. वर पेन्शन, आणि तिच्याखाली अमरेशने नवी घातलेली ओळ: चटणी, बसम्मा मगदूम, तीन हजार शंभर.

सहाला फोन वाजला. आण्णांनी स्पीकर लावला आणि उभे राहिले.

“अप्पा,” विद्याश्री म्हणाली, “तक्ता बघितला मी.”

“चौदा रुपये जास्त हायत,” आण्णा म्हणाले. “अट म्हंजे अट. जूनमध्ये येतो आम्ही.”

“थांबा हो. अव्वा कुठाय?”

“हाय की हितंच.”

“अव्वा, तू अकरा वर्षं चटणी विकतीस?”

“व्हय.”

“आणि मी इथं पुण्यात दुकानातनं पाकीट आणून खातीय? लाल रंग घातलेली?”

“तू मागितलीस कधी? कॉलेजात असल्यापासनं म्हणायचीस, तिखट नको, पिंपल येत्यात.”

पलीकडे एक पुरुषाचा आवाज हसला. जावई असावा. विद्याश्री कागद चाळल्यासारखं काहीतरी करत होती.

“अप्पा, मी हिशेबाचं काम करते. पेन्शनीत भागलं पाहिजे म्हटलं, कारण मला वाटलं येणारं तेवढंच आहे. येणारं बारा हजार तीनशे आहे. ही माझी चूक. तक्त्यात जमेची बाजू मीच केली नव्हती. पण तुम्ही दूध का लिहिलंत? नसतं लिहिलं तरी मला कळलं नसतं.”

“गाडी आत आलती,” आण्णा म्हणाले.



“राहा तिथंच,” विद्याश्री म्हणाली. “पण न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची. या महिन्यात. आणि अव्वा, दोन किलो पाठव.”

“किलोला एकशे साठ पडतील,” काकू म्हणाल्या.

“अव्वा!”

“पोरीला म्हणून दीडशे.”

फोन ठेवल्यावर काकू आत गेल्या आणि भांड्यांचा इतका मोठा आवाज केला की अमरेशला कळलं, त्यांनाही पुण्याला जायचं नव्हतं.

सोमवारी आण्णा एक हजार सातशे साठ रुपये घेऊन जकातीच्या कचेरीत गेले. सोबत अमरेश, साक्षीदार म्हणून. खिडकीतल्या पोरगेल्या कारकुनाने सगळं ऐकलं. अकरा वर्षं, मिरची, मेव्हणा. तो आधी हसला, मग घाबरला, मग दोन वह्या चाळल्या.

“काका, पैसे घेतो हो मी. पण कुठल्या हेडखाली घेऊ? गाडी न्हाय, माल न्हाय, तक्रार न्हाय. स्वतःहून भरणाऱ्याचं सदरच न्हाय आमच्याकडं.”

आण्णा त्याच्याकडे आदराने बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “बरोबर हाय तुझं. भलत्या सदरात घेऊ नको.”

आणि पैसे परत घेऊन आले.

मेच्या शेवटी पावसाआधी शिवाप्पाचा टेम्पो गल्लीत शिरला. एकच पोतं होतं, राहिलेल्या गिऱ्हाइकांसाठी. आण्णा उंबऱ्यात उभे राहिले. पाठ सरळ, हनुवटी वर.

“पोत्यात काय हाय?”

“दाजी, मिरची हाय की.”

“पावती?”

शिवाप्पाने खिशातून चुरगाळलेली पावती काढली. चाळीस रुपये. काकूंनी फोनवर बजावलं होतं, पावतीशिवाय यायचं नाही. आण्णांनी क्रमांक वाचला, तारीख वाचली, पोत्याची शिवण बोटाने चाचपली. मग बाजूला झाले.

“येऊ दे,” ते म्हणाले. आणि भिंतीवर मूठ आपटली. “एम्मे! ये रं. एक ओळ लिवायची हाय.”

अमरेश लुंगी बदलत होता तेव्हाच भिंतीपलीकडून वाद ऐकू आला. आण्णा म्हणत होते हा धंद्याचा खर्च, घरच्या तक्त्यात घालायचा नाही. काकू म्हणत होत्या, पोतं घरात आहे तर खर्च घरचाच.

तो जरा थांबला. मग पुन्हा लुंगी नेसली आणि बसून राहिला. हे लवकर संपणार नव्हतं.